माध्यान्हीचा मानकरी

२०२६ च्या मार्च महिन्याचे पान भिंतीवर समोर धरा. २६ तारीख, गुरुवार. चौकटीत तिथी छापली आहे अष्टमी, आणि तिच्यापुढे ती संपण्याची वेळ, सकाळी ११ वाजून ४८ मिनिटे. शेजारची चौकट २७ तारखेची, शुक्रवारची. तिथे तिथी नवमी, सकाळी १० वाजून ६ मिनिटांपर्यंत. मग रामनवमी कुठल्या चौकटीत हवी? नवमीच्या, असे कोणीही म्हणेल. छापलेली मात्र आहे अष्टमीच्या चौकटीत.

अशा वर्षी पाडवा झाला की पेणहून रोह्याला आणि रोह्याहून पेणला फोन सुरू होतात. "वहिनी, उपास गुरुवारी धरायचा की शुक्रवारी? आमच्याकडे टीव्हीवर उदयतिथी म्हणाले." पलीकडून उत्तर येते, "अहो वन्सं, आमच्या देवळात गुरुवारीच पाळणा आहे. बुवांना तसं सांगूनही झालंय." वन्सं गप्प बसतात, पण शंका जात नाही. अष्टमीला नवमी कशी?

शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर सूर्य माथ्यावर येतो त्या घटकेत आहे. पण त्याआधी दिनदर्शिकेची चौकट काय सांगते ते नीट पाहिले पाहिजे, कारण निम्मा घोळ तिथेच होतो.

तारीख मध्यरात्री बदलते. तिथी अशी ठरलेल्या वेळी बदलत नाही. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे गेला की एक तिथी संपली, चोवीस अंश गेला की दुसरी. अमावस्येच्या अखेरीस दोघे एका रेषेत असतात. तिथून हे अंतर ९६ अंश झाले की शुद्ध नवमी लागते आणि १०८ अंश झाले की संपते. चंद्र कधी भरभर चालतो, कधी रेंगाळतो, म्हणून हे बारा अंश तोडायला त्याला कधी वीस तासांच्या आसपास पुरतात तर कधी सव्वीस तास लागतात. तिथी पहाटे तीनला लागू शकते, भर दुपारीही लागू शकते. आता एका तारखेला दोन-दोन तिथ्या येणार म्हटल्यावर चौकटीत नाव कोणाचे छापायचे? सोय म्हणून ठरले की सूर्य उगवताना जी तिथी चालू असेल तिचे. चौकटीतले "अष्टमी" म्हणजे एवढेच, की सकाळी सूर्य उगवला तेव्हा अष्टमी होती. पावणेबारानंतर काय चालू आहे, याबद्दल ते नाव बोलत नाही.

हे आपल्याला नवीन नाही, फक्त एका जागी आपण ते बिनतक्रार मान्य करतो आणि दुसऱ्या जागी अडतो. संकष्टी चतुर्थी कितीदा तरी तृतीयेच्या चौकटीत छापलेली असते. त्याबद्दल कोणी फोन करत नाही, कारण संकष्टीला चंद्र पाहून जेवायचे हे घराघरांत ठाऊक आहे. चंद्रोदयाला चतुर्थी असली म्हणजे झाले. सकाळी काय होते याच्याशी आपल्याला देणेघेणे नसते. धर्मशास्त्रात याला नाव आहे कर्मकाल. व्रताचे मुख्य कर्म ज्या वेळी करायचे, त्या वेळी तिथी हजर हवी. कृष्णाचा जन्म मध्यरात्रीचा, म्हणून अष्टमी मध्यरात्री शोधायची. शिवरात्रीची पूजा निशीथकाळी, म्हणून चतुर्दशी तेव्हाची पाहायची. रामाचा जन्म दुपारचा, म्हणून नवमी दुपारी हजर हवी. सूर्योदयाची तिथी हा नियम कर्मकाल वेगळा सांगितलेला नसेल तिथला.

दुपार तरी कुठून आली? वाल्मीकींच्या बालकांडात जन्माचा जो प्रसंग आहे त्यात चैत्र महिना, नवमी, पुनर्वसू नक्षत्र आणि कर्क लग्न सांगितले आहे, आणि पाच ग्रह आपापल्या उच्च राशीत असल्याचे म्हटले आहे. सूर्याची उच्च राशी मेष. कर्क लग्न म्हणजे पूर्व क्षितिजावर कर्क राशी उगवत आहे. तेव्हा तिच्यापासून दहावी असलेली मेष राशी डोक्यावर आलेली असते. सूर्य मेषेत आणि मेष डोक्यावर, म्हणजे वेळ दुपारची. घड्याळ नसलेल्या जगातली ही वेळ सांगण्याची रीत. मराठी मनात ही दुपार इतकी रुजली आहे की समर्थ रामदासांचा जन्मही परंपरेने चैत्र शुद्ध नवमीचा आणि ऐन माध्यान्हीचाच मानला जातो.

आता मध्याह्न म्हणजे नेमके किती ते किती. बोलताना आपण बाराला दुपार म्हणतो आणि तीनलाही. धर्मग्रंथांत दिवसाचे, म्हणजे सूर्योदय ते सूर्यास्त या अवधीचे, पाच समान भाग केलेले आहेत: प्रातःकाल, संगव, मध्याह्न, अपराह्ण आणि सायाह्न. तिसरा भाग मध्याह्न. दिवस तीस घटकांचा धरला तर एकेक भाग सहा घटकांचा, आणि घटका म्हणजे चोवीस मिनिटे. या तिसऱ्या भागाच्या बरोबर मधोमध सूर्य माथ्यावर येतो. म्हणजे "मध्याह्न" या शब्दाचे दोन अर्थ पोटात घेऊन चालायचे: एक तो सुमारे अडीच तासांचा पट्टा, आणि एक त्या पट्ट्याचा मध्यबिंदू. दिवस ठरवताना नवमी या पट्ट्यात आहे की नाही ते पाहतात. जन्म मध्यबिंदूला करतात.

पेणसाठी हा पट्टा काढून पाहू. २६ मार्चला पेणला सूर्य सुमारे सकाळी ६ वाजून ३७ मिनिटांनी उगवतो आणि संध्याकाळी ६ वाजून ५० मिनिटांनी मावळतो. दिवस झाला १२ तास १३ मिनिटांचा. मिनिटांत ७३३. पाचांनी भागले की एक भाग साधारण १४७ मिनिटांचा येतो. पहिले दोन भाग सोडून द्यायचे, म्हणजे सूर्योदयानंतर ४ तास ५३ मिनिटे. ६ वाजून ३७ मध्ये ती मिळवली की साडेअकरा होतात. तिथे मध्याह्न सुरू. आणखी १४७ मिनिटांनी, दोनला तीन मिनिटे कमी असताना, तो संपतो. मधला बिंदू येतो १२ वाजून ४३ मिनिटांवर. रोहे पेणच्या दक्षिणेला आहे, पूर्वेला जेमतेम सरकलेले. त्यामुळे भोगावतीकाठचा आणि कुंडलिकेकाठचा माध्यान्ह यांत काही सेकंदांचाच फरक पडतो. वन्सं-वहिनींना एकच गणित पुरते.

आता नवमी या पट्ट्यावर ठेवून पाहा. गुरुवारी ती ११ वाजून ४८ मिनिटांनी लागते. मध्याह्न साडेअकराला सुरू झाला आहे. पहिली अठरा मिनिटे अष्टमीने खाल्ली, उरलेले दोन तास नऊ मिनिटे नवमीचे. १२ वाजून ४३ मिनिटांचा मध्यबिंदू तिच्यात आरामात बसतो. शुक्रवारी नवमी संपते १० वाजून ६ मिनिटांनी. मध्याह्न सुरू व्हायला तेव्हा अजून जवळजवळ दीड तास असतो. शुक्रवारी सूर्य माथ्यावर येईल तेव्हा दशमी असेल. दोन दिवसांपैकी एकाच दिवशी नवमी मध्याह्नाला भेटते, तो दिवस गुरुवार. इथे वाद घालायला जागाच नाही. शुक्रवारी पाळणा हलवला तर तो चौकटीतल्या नावाप्रमाणे नवमीचा, पण हलण्याच्या घटकेला दशमीचा.

हीच नवमी सव्वादोन तास उशिरा लागली असती तर काय झाले असते, हे करून पाहण्यात गंमत आहे. लागली असती २ वाजून ३ मिनिटांनी, म्हणजे गुरुवारचा मध्याह्न नुकताच हातचा गेलेला. लांबी तेवढीच, २२ तास १८ मिनिटे, धरली तर संपली असती शुक्रवारी १२ वाजून २१ मिनिटांनी, म्हणजे शुक्रवारच्या मध्याह्नात शिरून. सण सरळ एक दिवस पुढे गेला असता. चंद्राच्या सव्वादोन तासांच्या चालीवर बँकेची सुट्टी, शाळेची सुट्टी आणि बुवांची बिदागी अवलंबून असते म्हणायची.

सगळी वर्षे इतकी सरळ नसतात. २०२४ घ्या. त्या वर्षी नवमी १६ एप्रिलला, मंगळवारी, दुपारी १ वाजून २३ मिनिटांनी लागली आणि १७ ला, बुधवारी, दुपारी ३ वाजून १४ मिनिटांनी संपली. एप्रिलच्या मध्यावर पेणचा मध्याह्न सुमारे ११ वाजून २२ मिनिटांपासून १ वाजून ५३ मिनिटांपर्यंत असतो. म्हणजे मंगळवारीही मध्याह्नाच्या शेवटच्या अर्ध्या तासात नवमी होती. बुधवारी तर पूर्ण मध्याह्नभर होती. नवमी दोन्ही दिवशी मध्याह्नाला भेटली. मग?

इथे निबंधकारांकडे जावे लागते. निबंधकार म्हणजे शेकडो स्मृतिवचने समोर ठेवून त्यांतून निर्णय काढून देणारे पंडित. मराठी घरांत दोघांचा शब्द चालतो. एक कमलाकरभट्ट, घराणे मूळचे पैठणचे, राहणे काशीत, ग्रंथ निर्णयसिंधू, साल १६१२. दुसरे काशीनाथ उपाध्याय, म्हणजेच बाबा पाध्ये. मूळ रत्नागिरीकडच्या गोळवलीचे, वास्तव्य पंढरपूरला, ग्रंथ धर्मसिंधू, १७९० च्या सुमाराचा. कोकणातल्या भिक्षुकाच्या घरी पोथ्यांच्या कपाटात काही नसले तरी धर्मसिंधू असायचा, आणि तो लिहिणारा आपल्याच किनाऱ्याचा होता ही गोष्ट आपण फारशी सांगत नाही.

त्यांचा कौल असा: नवमी एकाच दिवशी मध्याह्नी असेल तर तोच दिवस. दोन्ही दिवशी असेल किंवा एकाही दिवशी नसेल, तर दुसरा दिवस घ्यायचा. कारण पहिल्या दिवसाच्या नवमीला अष्टमीचा स्पर्श असतो, आणि अष्टमीने विद्ध झालेली नवमी रामाच्या उपासाला शक्यतो टाळावी असे वचन आहे. २०२४ मध्ये दुसऱ्या दिवशी नवमीने मध्याह्न पूर्ण व्यापला होता आणि वेधही नव्हता. दोन्ही बाजूंनी बुधवार जिंकला. रामनवमी १७ एप्रिलला झाली.

मग लगेच प्रश्न येतो, की २०२६ मध्ये गुरुवारची नवमीही अष्टमीने विद्धच होती, ती कशी चालली? क्रम महत्त्वाचा आहे. आधी मध्याह्न पाहायचा, वेध नंतर. दोन दिवसांत निवड करायची वेळ आली तरच वेधाला मत असते. मध्याह्न एकाच दिवशी असेल तर निवडच उरत नाही. वेधाला मध्याह्नापेक्षा वर बसवणाऱ्या काही वैष्णव परंपरा आहेत. त्या अशा वर्षी सूर्योदयाची शुद्ध नवमी धरतात आणि त्यांची रामनवमी एक दिवस पुढे जाते. ते चुकतात असे म्हणणे बरोबर नाही. त्यांनी प्रश्नांचा क्रम वेगळा लावला आहे. एकादशीला स्मार्त आणि भागवत असे दोन दिवस छापलेले आपण निमूट पाहतोच की.

एकाही दिवशी मध्याह्नी नवमी नाही, हे कसे शक्य आहे, असे कोणी विचारील. एका दिवसाचा मध्याह्न संपल्यापासून दुसऱ्या दिवसाचा सुरू होईपर्यंत साडेएकवीस तास जातात. चंद्र भरधाव असेल आणि नवमी त्याहून आखूड असेल, तर ती या दोन दुपारांच्या मधल्या खिंडीत लागून संपून जाऊ शकते. ओट्यावर रांगेने ठेवलेल्या दोन पातेल्यांच्या मधून लिंबू घरंगळत जावे तशी. असे क्वचित होते, पण पोथीत त्याचीही तरतूद आहे.

पेणमध्ये बसून हे लिहिताना गणपती आठवणे अपरिहार्य आहे. या गावाचे निम्मे वर्ष मूर्तींच्या मातीत आणि रंगात जाते. भाद्रपदातली गणेश चतुर्थीही मध्याह्नाचीच तिथी: पाच भागांतला तोच तिसरा भाग, तोच हिशोब. पण चतुर्थी दोन्ही दिवशी मध्याह्नी सापडली तर गणपती पहिल्या दिवशी बसतो आणि राम दुसऱ्या दिवशी जन्मतो. गणपतीच्या चतुर्थीला आधीच्या तृतीयेचा स्पर्श शुभ मानला आहे. रामाच्या नवमीला आधीच्या अष्टमीचा स्पर्श नकोसा. मोजपट्टी एक, पण बरोबरी झाली की कौल उलटा. कारखान्यांतल्या मंडळींना मूर्ती कुठल्या दिवसाच्या आत गाडीत चढल्या पाहिजेत हे पक्के ठाऊक असते. त्यामागे हा नियम आहे.

दिवस ठरला. आता घटका. आणि इथे आपल्याकडे एक चूक अगदी गोड गळ्याने केली जाते.

देवळात पाडव्यापासून नवरात्र बसलेले असते. नवमीच्या सकाळी दहाच्या सुमारास बुवा उभे राहतात. पूर्वरंग आटोपता, उत्तररंगात दशरथाचा यज्ञ, पायसाचे वाटप, तिन्ही राण्यांचे डोहाळे असे आख्यान रंगत जाते. गाभाऱ्यासमोर पाळणा बांधलेला असतो, त्यात कुंची घातलेला बाळराम, काही ठिकाणी मूर्तीऐवजी फडक्यात गुंडाळलेला नारळ. बायका पाळण्याच्या दोरीजवळ जागा धरून बसतात. एका ताटात गुलाल, एकात सुंठवडा: सुंठ, खोबरे, खसखस, वेलची, पिठीसाखर. सुंठवड्याची पहिली चिमूट जिभेवर गोड लागते आणि घशात उतरताना चटका देते. बुवांची एक नजर श्रोत्यांवर असते आणि दुसरी भिंतीवरच्या घड्याळावर. बाराला पाच कमी असताना ते आख्यान आवरते घेतात. काटे जुळले की टाळ-मृदंग, गुलाल, "राम जन्मला", आणि पाळणा हलतो.

पण बाराला सूर्य माथ्यावर आलेलाच नसतो. पेणला २६ मार्चला तो १२ वाजून ४३ मिनिटांनी येतो, ६ एप्रिलला १२ वाजून ४० मिनिटांनी, १७ एप्रिलला १२ वाजून ३७ मिनिटांनी. आपली घड्याळे भारतीय प्रमाणवेळ दाखवतात आणि ती वेळ साडेब्याऐंशी पूर्व रेखांशाची आहे. पेण ७३ अंशांच्या थोडे पुढे. साडेनऊ अंशांच्या आसपास अंतर, अंशाला चार मिनिटे, म्हणजे सुमारे ३८ मिनिटे. वरची दोन-पाच मिनिटे सूर्याच्या स्वतःच्या वर्षभरातल्या मागेपुढे होण्याची.

याची खात्री करायला ग्रंथ लागत नाही. मीटरभर लांबीची सरळ काठी अंगणात ओळंब्याला लावून उभी करा. २६ मार्चला पेणमध्ये घड्याळात बारा वाजता तिची सावली ३६ सेंटिमीटर भरते. तिचे टोक खडूने टिपत राहा. सावली आखूड होत होत पाऊण वाजण्याच्या सुमारास ३० सेंटिमीटरवर येते आणि नेमकी उत्तरेकडे पडते. त्यानंतर ती पुन्हा वाढू लागते. सर्वात आखूड सावली तो माध्यान्ह. एप्रिलच्या मध्याला रामनवमी आली तर हीच सावली पंधरा सेंटिमीटरच्या आसपास येते, आणि मेच्या मध्याला एक दिवस पेणमध्ये ती काठीच्या बुंध्यातच नाहीशी होते. जुन्या ज्योतिष्यांचा शंकू म्हणजे हीच काठी. सावली नसेल अशा ढगाळ दिवशी घटिकापात्र असे: तळाला भोक असलेली वाटी पाण्यावर सोडायची, ती बुडाली की एक घटका झाली.

मग बाराचा रिवाज आला कुठून? माझा अंदाज असा, की तो चुकीचा नव्हताच; घड्याळ मागाहून बदलले. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली त्याआधी आपल्या भागात मुंबई वेळ होती, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे. मुंबईने तर ती १९५५ पर्यंत सोडली नाही. २६ मार्चचा १२ वाजून ४३ मिनिटांचा माध्यान्ह मुंबई वेळेत १२ वाजून ४ मिनिटांचा होतो. १७ एप्रिलचा बाराला दोन मिनिटे कमी असतानाचा. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या रायगडातल्या, एखाद्या देवळात मुंबई वेळेचे घड्याळ असेल तर बाराचा टोल आणि माथ्यावरचा सूर्य यांत चार मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडत नसे. टोल तोच राहिला, घड्याळ पुढे गेले. अनेक देवळांनी हे ओळखून पाळण्याची वेळ १२ वाजून ४० मिनिटे केली आहे. दिनदर्शिकेत मध्याह्नाची वेळ छापलेली असते तीही पाहायला हरकत नाही, फक्त ती कुठल्या गावासाठी आहे हे बघावे.

अयोध्येत मात्र घड्याळ आणि सूर्य जवळजवळ एकमताने चालतात, कारण ते गाव प्रमाणवेळेच्या रेखांशाला अगदी खेटून आहे. १७ एप्रिल २०२४ ला तिथल्या नव्या मंदिरात आरसे आणि भिंगांच्या योजनेने रामाच्या कपाळावर सूर्यकिरणांचा टिळा पाडला तेव्हा बारा नुकते वाजले होते. तो टिळा दूरदर्शनवर बघून पेणमध्ये पाळणा हलवणाऱ्याने पेणच्या सूर्याला छत्तीस-सदतीस मिनिटे मागे टाकलेले असते.

बाराला पाळणा हलवल्याने काही बिघडते का? बहुतेक वर्षी नाही. बारा वाजताही आपण मध्याह्नाच्या पट्ट्यात असतोच, फक्त मध्यबिंदूच्या अलीकडे. पण २०२६ सारख्या वर्षी काठावर चालावे लागते. नवमी ११ वाजून ४८ ला लागली; बाराच्या पाळण्याला ती अवघी बारा मिनिटांची होती. तीच आणखी वीस मिनिटे उशिरा लागती तर दिवस बरोबर, आणि जन्म मात्र अष्टमीत, असे झाले असते. पाऊण वाजेपर्यंत थांबणाऱ्या देवळाला हा धोका नव्हता.

तिथी आकाशात लागते, म्हणून ती साऱ्या पृथ्वीवर एकाच क्षणी लागते. दुपार मात्र प्रत्येक गावाची आपली. न्यू जर्सीत राहणाऱ्या पेणकराच्या घड्याळात २०२६ ची नवमी २६ मार्चला मध्यरात्र उलटून २ वाजून १८ मिनिटांनी लागली आणि २७ ला मध्यरात्रीनंतर ३६ मिनिटांनी संपली. त्याची दुपार २६ तारखेची. सिडनीतल्या रोहेकराकडे ती २६ ला संध्याकाळी सव्वापाचनंतर लागली, तोवर तिथला मध्याह्न कधीच होऊन गेला होता. २७ ला दुपारी साडेतीननंतर संपली. सिडनीचा सूर्य तेव्हा एकच्या सुमारास माथ्यावर येतो. त्याची रामनवमी २७ तारखेची. घरच्या गटावर आईने गुरुवारी पाळण्याचा फोटो टाकला तरी त्याने तिथे शुक्रवारीच सुंठवडा करायचा. भारतातली तारीख जशीच्या तशी उचलून परदेशात पाळणे ही नेहमीची चूक आहे.

२०२६ ने आणखी एक गोची केली. पाडवा १९ मार्चला, आणि त्या दिवशी प्रतिपदेचा क्षय: सूर्योदयानंतर लागली आणि दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयाआधी संपली. त्यामुळे पाडव्यापासून रामजन्मापर्यंत दिवस भरले आठच. नऊ कीर्तने ठरवून बसलेल्या देवळांना एक आख्यान कमी करावे लागणार हे पंचांग आधीच सांगत होते. ज्यांनी नऊ दिवस मोजून २७ तारीख लिहिली त्यांच्या पत्रिका चुकल्या. पत्रिका छापायला टाकण्याआधी दिवस बोटांवर मोजू नयेत, मध्याह्न पाहावा.

पारण्याबद्दल एवढेच, की शास्त्राप्रमाणे रामनवमीचा उपास जन्म झाल्यावर लगेच सोडायचा नसतो, दशमीला सोडायचा असतो. २०२६ मध्ये दशमी शुक्रवारी सकाळी १० वाजून ६ मिनिटांनी लागली, म्हणजे पारणे त्यानंतर. बऱ्याच घरांत पाळणा हलला की पानावर बसतात. त्यात कोणी कोणाला अडवत नाही.

पुढची खेप तुमच्यावर सोडतो. २०२७ मध्ये नवमी १४ एप्रिलला, बुधवारी, दुपारी सव्वातीननंतर लागते आणि १५ ला, गुरुवारी, दुपारी सव्वाएकनंतर संपते. पेण-रोह्याचा मध्याह्न तेव्हा सुमारे ११ वाजून २२ मिनिटे ते १ वाजून ५३ मिनिटे. काठी अंगणात लावा, आणि त्या गुरुवारी दुपारी १२ वाजून ३७-३८ मिनिटांनी सावलीचे टोक कुठे येते ते टिपून ठेवा.